कोडॉनचा चार्ट पेशीत कुठे असतो? एका मुलीला प्रोटीन सिंथेसिस कसं कळलं त्याची गोष्ट

प्रश्न: सर, मी बारावी सायन्सला आहे. ट्रान्सक्रिप्शन, ट्रान्सलेशन सगळं पाठ आहे, डायग्राम पण काढता येते, पण प्रश्न जरा फिरवून आला की अडकतो. घरी लहान भावंडांना शिकवलं की आपल्याला नीट कळतं म्हणतात, ते खरं आहे का? कुणाचं असं झालं असेल तर सविस्तर सांगा ना.

उत्तर:

खरं आहे, पण ज्याला शिकवतोय त्याला मध्येच थांबवायची मोकळीक दिली तरच. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो, हा चॅप्टर दरवर्षी घेतो, आणि ज्यांना तो पाठ असूनही कळलेला नसतो ती मुलं जवळजवळ सगळी एकाच जागी अडकलेली असतात, ती जागा म्हणजे टीआरएनए. ट्रान्सक्रिप्शन जमतं, कारण तिथे बेससमोर बेस बसवायचा एवढंच असतं. ट्रान्सलेशनमध्ये मात्र तीन बेसवरून एकदम अमिनो अॅसिड येतं, दोन्ही वस्तू पूर्ण वेगळ्या जातीच्या, आणि हे जुळवून कोण देतं हा प्रश्न मुलं स्वतःला विचारतच नाहीत कारण हातात कोडॉनचा चार्ट असतो. माझ्या एका विद्यार्थिनीला हा प्रश्न तिच्या आठवीतल्या मावसभावाने विचारला. तिने मला सगळं सांगितलं होतं, तिला विचारूनच इथे लिहितोय, फक्त नावं टाळतो.

दिवाळीच्या सुट्टीत ती गडचिरोली जिल्ह्यात मावशीकडे गेली होती. त्या भागात सिकलसेल हा शब्द लहान पोरांनाही माहीत असतो, शाळेत तपासणी होते, आधी सोल्युबिलिटी टेस्ट घेतात आणि त्यात पॉझिटिव्ह आलं की पुढे इलेक्ट्रोफोरेसिस वगैरे करून एएस आहे की एसएस ते सांगतात. या मुलाच्या वर्गातल्या मित्राचा रिपोर्ट एएस आला होता, म्हणजे वाहक, आणि घरात बायोलॉजीवाली ताई आलीये म्हटल्यावर हा वहीच घेऊन बसला.

"ताई, एएस म्हणजे त्याच्या रक्तात काय बिघडलं?"

तिने तोंडपाठ उत्तर दिलं, हिमोग्लोबिनच्या बीटा चेनमध्ये सहाव्या जागेवर ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, वाहकाच्या दोन जीनपैकी एक असा बदललेला असतो. हे उत्तर परीक्षेत पूर्ण मार्कांचं आहे. त्याने विचारलं, "येतं म्हणजे कुठून येतं, कोण आणतं?"

मग तिने एका व्हिडिओत पाहिलेलं सुरू केलं, डीएनए म्हणजे रेसिपीचं पुस्तक, एमआरएनए म्हणजे त्यातल्या एका पानाची कॉपी, रायबोसोम म्हणजे स्वयंपाकी. मुलगा म्हणाला, "स्वयंपाक्याला वाचता येतं. रायबोसोमला वाचायला कोणी शिकवलं?" तिला वाटलं पोरगं उगाच फाटे फोडतंय. पण मला विचारशील तर ही तुलना नेमकी इथेच तुटते, कारण तिच्यात एक वाचणारा माणूस आधीच गृहीत धरलेला आहे आणि आपल्याला तर तेच समजून घ्यायचं असतं. म्हणून वर्गात मी ती वापरत नाही.

तिने मग कागद काढले. बीटा ग्लोबिनची सुरुवात आमच्या वर्गात फळ्यावर होऊन गेली होती, तिच्या वहीत होती. पूर्ण जीन साधारण १६०० बेसचा आहे, मधले दोन इंट्रॉन काढून टाकले जातात, आणि प्रोटीनसाठी वाचला जाणारा भाग स्टॉप कोडॉन धरून ४४४ बेसचा उरतो. त्यातले पहिले दहा कोडॉन तिने घेतले. वरची ओळ डीएनएच्या टेम्प्लेट स्ट्रँडची, ३' कडून ५' कडे लिहिलेली, आणि खालची त्यावरून बनलेल्या एमआरएनएची, ५' कडून ३' कडे.

```
TAC CAC GTA GAC TGA GGA CTC CTC TTC AGA
AUG GUG CAU CUG ACU CCU GAG GAG AAG UCU
```

ट्रान्सक्रिप्शन पाच मिनिटांत झालं. मुलाने स्वतःच खालची ओळ लिहून काढली, एका जागी U ऐवजी T लिहिलं आणि लगेच खोडलं. यात सांगण्यासारखं फार काही नाही, तुलाही हे जमतच असणार.

मग ती चार्ट बघून अमिनो अॅसिड लिहीत गेली, मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक अॅसिड, परत ग्लुटामिक अॅसिड, लायसिन, सेरिन. मुलगा बोटाने मोजत होता. "ताई, तू सहावं म्हणालीस. हे तर सातवं आहे."

आणि खरंच सातवं होतं. तिने तोपर्यंत कधी मोजलंच नव्हतं. झालंय असं की AUG मुळे चेनची सुरुवात मेथिओनिनने होते, पण बीटा ग्लोबिनमध्ये हे पहिलं मेथिओनिन चेन बनत असतानाच कापून टाकलं जातं, त्यामुळे तयार प्रोटीनमध्ये व्हॅलिन पहिलं ठरतं आणि ते ग्लुटामिक अॅसिड सहावं. आपल्या पुस्तकात तयार प्रोटीनचा नंबर असतो, जेनेटिक रिपोर्टमध्ये AUG पासून मोजतात म्हणून तिथे सात दिसतो, दोन्ही बरोबर आहेत. प्रश्नात "सातवा कोडॉन" म्हटलंय की "सहावं अमिनो अॅसिड" हे नीट वाचायचं, कारण सिक्वेन्स दिला की बरीच मुलं AUG धरून सहा मोजतात आणि प्रोलिनवर जाऊन थांबतात.

आता टीआरएनए. तिने पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला अँटिकोडॉन लिहिला आणि दुसऱ्या टोकाला अमिनो अॅसिडच्या नावाची चिठ्ठी स्टेपल केली. GAG समोर बसणाऱ्या पट्टीवर CUC, दुसऱ्या टोकाला ग्लुटामिक अॅसिड. (CUC हा ३' कडून ५' कडे वाचलेला आहे. ५' कडून लिहायचा झाला तर तो CUC चा उलटा म्हणजे परत CUC च होतो, पहिलं आणि तिसरं अक्षर सारखं असलेल्या कोडॉनचं हे नशीब, बाकी कोडॉनना ही सूट नाही, म्हणून दिशा लिहायची सवय ठेव.) मग एमआरएनएच्या ओळीवर पट्ट्या एकेक करून बसवायच्या, चिठ्ठ्या एकमेकींना जोडायच्या, रिकामी पट्टी काढून घ्यायची. मुलाला खेळ आवडला, दोनदा पूर्ण चेन बनवली, आणि मग तो पट्टी उलटसुलट करून बघत बसला.

"ताई, ही चिठ्ठी या पट्टीला तू लावलीस."

"हो."

"चार्ट बघून लावलीस ना?"

"हो मग, कोडॉनचा चार्ट असतो."

"मग पेशीत चार्ट कुठे लटकलाय? तिथे कोण बघून लावतं?"

ती म्हणाली की टीआरएनएच अमिनो अॅसिड ओळखतो. हे उत्तर मी दर वर्षी पेपरात वाचतो. मुलाने पट्टीचं एक टोक डाव्या हातात धरलं, दुसरं उजव्या हातात, आणि म्हणाला की CUC इकडे लिहिलंय, अमिनो अॅसिड तिकडे लागतंय, मग इकडच्या अक्षरांना तिकडचं काहून कळेल?

इथे ती गप्प झाली, आणि मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, कारण मुलाचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. खरा टीआरएनए घडी होऊन उलट्या L सारखा असतो, एका टोकाला अँटिकोडॉन आणि दुसऱ्या टोकाला CCA हे शेपूट, जिथे अमिनो अॅसिड लागतं. दोन टोकांमधलं अंतर सात-साडेसात नॅनोमीटर आहे. ऐकायला कमी वाटतं, पण अमिनो अॅसिड स्वतः एक नॅनोमीटरचंही नसतं, म्हणजे अँटिकोडॉन आणि अमिनो अॅसिड एकमेकांना कधी शिवतही नाहीत. CUC च्या आकारात ग्लुटामिक अॅसिड बसेल अशी काही खाच वगैरे नसते. टीआरएनएला स्वतःला काहीही माहीत नसतं.

तिने पुस्तक उघडलं. चार्जिंग ऑफ टीआरएनए किंवा अमिनोअॅसिलेशन, हे दोन शब्द तिने मागेच पिवळ्या मार्करने रंगवलेले होते, परीक्षेत "ट्रान्सलेशनची पहिली पायरी कोणती" असा एक मार्काचा प्रश्न येतो म्हणून. खाली एन्झाइमचं नाव होतं, अमिनोअॅसिल टीआरएनए सिंथेटेज. ती मला म्हणाली की सर, मी ते नाव शंभर वेळा वाचलंय, पण ते एन्झाइम काय करतं असं मला कोणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते "अमिनो अॅसिड जोडतं" आणि पुढे गेले असते. कोणतं अमिनो अॅसिड कोणत्या टीआरएनएला, हे ठरवणंच त्याचं काम आहे आणि हाच तो चार्ट आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

हे जरा सावकाश सांगतो. अमिनो अॅसिड २० आहेत आणि पेशीत साधारण तितकीच सिंथेटेज एन्झाइम असतात, प्रत्येक अमिनो अॅसिडला आपलं एक. ग्लुटामिक अॅसिडच्या सिंथेटेजमध्ये दोन जागा असतात असं समज, एका जागेत ग्लुटामिक अॅसिड बसतं, दुसऱ्या बाजूला ग्लुटामिक अॅसिडचे टीआरएनए येऊन टेकतात. एटीपी मोडून अमिनो अॅसिड आधी अॅक्टिव्हेट केलं जातं आणि मग टीआरएनएच्या शेपटाला जोडलं जातं. दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एकाच वेळी हातात घेणारं संपूर्ण ट्रान्सलेशनमध्ये एवढं एकच ठिकाण आहे. पुढे रायबोसोममध्ये बेससमोर बेस बसतो की नाही इतकंच पाहिलं जातं. कोडॉनचा चार्ट एका जागी लिहिलेला नाहीये, तो या वीस-एक एन्झाइमच्या आकारांत वाटलेला आहे.

हे तिने मुलाला सांगितलं तेव्हा त्याने जे केलं ते मी आता वर्गात मुद्दाम करून दाखवतो. त्याने स्टेपलर घेतला, CUC वाल्या पट्टीची ग्लुटामिक अॅसिडची चिठ्ठी काढली आणि तिथे सेरिनची लावली. "आता?"

ती म्हणाली, "आता रायबोसोम पकडेल, चुकीचं अमिनो अॅसिड आहे म्हणून..." आणि मध्येच थांबली. पट्टी ओळीवर ठेवली. CUC समोर GAG, जोडी एकदम बरोबर. रायबोसोम तर जोडी बघतो. मग पकडणार कोण?

तिने मला फोन केला तो हेच विचारायला, की सर, चिठ्ठी चुकीची असेल तर रायबोसोम ते चुकीचं अमिनो अॅसिड खरंच चेनमध्ये घालेल का. मला इतका आनंद झाला, कारण १९६२ मध्ये हाच प्रयोग खऱ्या टीआरएनएवर झालेला आहे आणि तो पुस्तकात सहसा नसतो. शापव्हिल, लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टिनचा टीआरएनए घेतला, एन्झाइमकडून त्याला सिस्टिन नीट लावून घेतलं, आणि मग रेने निकेल नावाचा कॅटॅलिस्ट वापरून त्या लागलेल्या सिस्टिनमधलं सल्फर काढून टाकलं. सिस्टिनमधून सल्फर गेलं की उरतं अॅलानिन. म्हणजे टीआरएनए सिस्टिनचा, अँटिकोडॉन सिस्टिनचा, पण शेपटाला अॅलानिन. मग हे रायबोसोमला दिलं आणि सोबत U आणि G असलेला कृत्रिम आरएनए दिला, ज्यात सिस्टिनचा UGU कोडॉन येतो आणि अॅलानिनचा एकही कोडॉन येऊ शकत नाही, कारण अॅलानिनचे चारही कोडॉन GC ने सुरू होतात आणि यात C च नाही. तरीही चेनमध्ये अॅलानिन गेलं. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, हेच सशाच्या रेटिक्युलोसाइटमधल्या यंत्रणेवर करून पाहिलं, तर हिमोग्लोबिनमध्ये जिथे सिस्टिन असायला हवं तिथे अॅलानिन सापडलं. रायबोसोम चिठ्ठी वाचत नाही. तो पट्टीचं दुसरं टोक वाचतो.

मुलाने स्टेपलरने जे केलं ते आणि हे एकच आहे. आठवीतलं पोरगं, त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

मग तिचा पुढचा प्रश्न आला, आणि तो तिचा स्वतःचा होता, की मग सिंथेटेज टीआरएनए ओळखतं ते अँटिकोडॉन वाचूनच ना? बऱ्याच सिंथेटेजचं हो, अँटिकोडॉनही तपासतात आणि बाकीच्या काही खुणाही. पण अॅलानिनचं सिंथेटेज अँटिकोडॉनकडे बघतच नाही. १९८८ मध्ये होऊ आणि शिमेल यांनी दाखवलं की ते टीआरएनएच्या शेपटाजवळची एक जोडी शोधतं, तिसऱ्या जागी G आणि सत्तराव्या जागी U. ही जोडी दुसऱ्याच टीआरएनएमध्ये घातली तर त्यालाही ते अॅलानिन लावून टाकतं. हे लक्षात ठेव, खाली लागणार आहे.

आणि एन्झाइमची चूक होतच नाही का, हेही तिने विचारलं. होते. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांच्यात फक्त एका CH₂ चा फरक आहे, लहान व्हॅलिन मोठ्याच्या जागेत सहज शिरतं. म्हणून आयसोल्युसिनच्या सिंथेटेजमध्ये एक वेगळी तपासणीची जागा आहे, तिथे फक्त व्हॅलिन मावतं आणि तिथे गेलं की ते तोडून बाहेर काढलं जातं. तरी हजारो अमिनो अॅसिडमागे एखादं चुकीचं जातंच, पेशी तेवढं सोसते.

दुसऱ्या दिवशी ते दोघं परत बसले, कारण मुलाचा मूळ प्रश्न, मित्राचं रक्त, तसाच राहिला होता. आता तिने सिकलसेलचा जीन घेतला. टेम्प्लेटवर त्या जागी CTC चं CAC, म्हणून एमआरएनएवर GAG चं GUG. मुलाने ओळ लिहिली आणि पट्ट्या लावायला घेतल्या.

```
AUG GUG CAU CUG ACU CCU GUG GAG AAG UCU
```

सातव्या कोडॉनला पोचल्यावर तो पट्टी शोधत होता आणि मग म्हणाला, "ही तर तीच आहे, सुरुवातीला दुसऱ्या नंबरवर लावली ती!" बरोबर, AUG नंतर लगेच जो GUG आहे तोच कोडॉन आता इथेही आलाय, आणि तीच व्हॅलिनची पट्टी दोन्हीकडे चालते. तिने ती पट्टी तिथे ठेवली आणि तिच्या लक्षात आलं की यात चुकलं तर कोणीच नाही. सिंथेटेजने व्हॅलिनच्या टीआरएनएला व्हॅलिनच लावलं, रायबोसोमने GUG समोर योग्य टीआरएनएच घेतला, सगळ्यांनी आपापलं काम अगदी बरोबर केलं. फक्त संदेशच बदललेला होता.

मुलाने लगेच विचारलं, मग काल मी चिठ्ठी चुकीची लावली, तसं झालं तरी सिकलसेल होतो का? हा प्रश्न नीटच्या पेपरात शोभला असता. चिठ्ठीची चूक म्हणजे त्या एका टीआरएनएची चूक, ती एका चेनमध्ये जाईल आणि संपेल, शेजारच्या रायबोसोमवर त्याच क्षणी बरोबर चेन बनत असेल, शिवाय चूक कुठल्याही GAG वर पडेल, सहाव्यावरच पडेल असं काही नाही. जीनमधला बदल मात्र त्या जीनवरून निघणाऱ्या प्रत्येक एमआरएनएमध्ये असतो, प्रत्येक चेनमध्ये त्याच एका जागी असतो, आणि आईबापाकडून मुलाकडे जातो. एएस म्हणजे दोन जीनपैकी एक GAG देणारा, एक GUG देणारा, त्यामुळे मित्राच्या रक्तात दोन्ही प्रकारच्या चेन बनतायत, आणि इलेक्ट्रोफोरेसिसवर ए आणि एस असे दोन पट्टे दिसतात ते याचमुळे. पट्टे वेगळे होतात कारण ग्लुटामिक अॅसिडवर निगेटिव्ह चार्ज असतो आणि व्हॅलिनवर नसतो, म्हणून दोन्ही हिमोग्लोबिन विजेच्या फिल्डमध्ये वेगवेगळ्या वेगाने सरकतात. एसएस, म्हणजे दोन्ही जीन बदललेले असतील, तर ऑक्सिजन सोडल्यावर व्हॅलिनमुळे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. वाहकामध्ये अर्ध्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं असल्याने सहसा असं होत नाही. "म्हणजे तो आजारी नाही," मुलगा म्हणाला, आणि ती म्हणाली नाही, आजारी नाही, वाहक आहे. तिला हे आधीपण माहीत होतं, पण का ते आता सांगता येत होतं.

मग एक शंका उरली, ती तिने फोनवर सांगितली. पट्ट्या करताना तिने UAA साठी पण एक पट्टी कापली होती आणि दुसऱ्या टोकाला काय लिहायचं ते सुचेना. तिला कायम वाटायचं की स्टॉपचाही एक टीआरएनए असतो, फक्त त्याच्यावर अमिनो अॅसिड नसतं. तसं नाही. UAA, UAG, UGA या तिघांना साधारणपणे टीआरएनएच नसतो. तिथे रिलीज फॅक्टर नावाचं प्रोटीन येऊन बसतं आणि चेन पाण्याच्या रेणूवर तोडून मोकळी करतं. बीटा ग्लोबिनला UAA आहे, १४७ कोडॉननंतर. माणसाच्या पेशीत रायबोसोम सेकंदाला पाच-सहा अमिनो अॅसिड जोडतो असं धरलं तर एक चेन पूर्ण व्हायला अर्धं मिनिट लागतं. आणि हे सगळं आरबीसीत चालतं का, तर तयार आरबीसीत नाही, तिथे न्यूक्लियसही नसतो आणि रायबोसोमही नसतात, हे हाडांतल्या मगजामधल्या पूर्वज पेशींमध्ये चालतं. मधली रेटिक्युलोसाइटची अवस्था गमतीची आहे, तिचा न्यूक्लियस गेलेला असतो पण एमआरएनए आणि रायबोसोम शिल्लक असतात, म्हणून ती अजून हिमोग्लोबिन बनवू शकते. १९६३ च्या त्या प्रयोगाला सशाचं रेटिक्युलोसाइट घेतलं ते उगाच नाही.

आता तुझं, फिरवलेल्या प्रश्नाचं. एक प्रश्न देतो आणि सोडवून दाखवतो, हाच त्या मुलीला नंतर वर्गात दिला होता. समज, अॅलानिनच्या एका टीआरएनएच्या जीनमध्ये असा बदल झाला की त्याचा अँटिकोडॉन GAG शी जुळणारा झाला, बाकी टीआरएनए जसाच्या तसा. तर बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी काय येईल?

पाठांतरवाला म्हणतो GAG म्हणजे ग्लुटामिक अॅसिड, संपलं. पण तू दोन टोकं वेगळी धर. शेपटाच्या टोकाला काय लागेल? ते सिंथेटेज ठरवणार, आणि अॅलानिनचं सिंथेटेज अँटिकोडॉन बघत नाही, तिसऱ्या-सत्तराव्या जागेची जोडी बघतं, ती तशीच आहे, म्हणून अॅलानिन लागणार. दुसऱ्या टोकाला काय जुळेल? GAG. रायबोसोम जोडी बघणार आणि आत घेणार. म्हणजे सहाव्या जागी अॅलानिन येऊ शकतं. पण कायम नाही, कारण ग्लुटामिक अॅसिडचा नेहमीचा टीआरएनए पण पेशीत आहेच आणि त्याच GAG साठी येतोय, त्यामुळे काही चेनमध्ये अॅलानिन, काहींमध्ये ग्लुटामिक अॅसिड. आणि फक्त सहाव्या जागी नाही, सातव्या जागचा GAG पण यात येईल, आणि पेशीतल्या बाकी सगळ्या प्रोटीनमधले GAG पण, कारण टीआरएनए काही एका जीनचा नोकर नाही. म्हणून असा बदल बीटा ग्लोबिनपुरता राहत नाही, तो पेशीला महागात पडू शकतो.

ती मुलगी हा प्रश्न सोडवून पुढे म्हणाली की सर, मग अँटिकोडॉन बदलून UAG शी जुळला तर स्टॉपवरसुद्धा अमिनो अॅसिड जाईल. जातं. बॅक्टेरियात असे टीआरएनए खरोखर सापडलेले आहेत, त्यांना सप्रेसर टीआरएनए म्हणतात, ते UAG वर रिलीज फॅक्टरशी स्पर्धा करतात आणि जिंकले की चेन तिथे न थांबता पुढच्या स्टॉपपर्यंत वाढत जाते.